तात्पुरत्या प्रवेशाचा स्वीकार आणि राहिलेल्या कागदपत्रांबाबत

दिनांक : १७ जुलै २०२५

प्रति,
मा. समन्वयक, प्रवेश समिती,
पदव्युत्तर रसायनशास्त्र विभाग,
गंगापूर रोड, नाशिक

विषय : एम.एस्सी. भाग १ (सेंद्रिय रसायनशास्त्र), अर्ज क्रमांक २५१४०७, इतर मागास प्रवर्ग. तात्पुरता प्रवेश स्वीकारत असल्याबाबत व कागदपत्रांच्या सद्यस्थितीबाबत.

महोदय,

आपले १५ जुलैचे पत्र मिळाले. कागदपत्रांच्या पूर्ततेच्या अटीवर दिलेला प्रवेश मी स्वीकारत आहे. शुल्काचा पहिला हप्ता रु. ९,५०० आज ऑनलाइन भरला असून पावती सोबत जोडली आहे. जागा निश्चित केल्याचे कळवण्याची मुदत १८ जुलै असल्याने, सगळे कागद हाती येण्याची वाट न बघता हे उत्तर पाठवत आहे.

माझी बी.एस्सी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून झाली आहे. आपले महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्याने माझ्या बाबतीत स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता अर्ज, ही दोन कामे वाढतात. आपल्या पत्रात ३१ जुलैपर्यंत पाच कागद मागितले आहेत. पाचही ‘लवकरच सादर करते’ असे लिहून मोकळे होता आले असते. पण त्यातून कोणता कागद कुठे अडला आहे हे आपल्याला कळले नसते, म्हणून प्रत्येकाची आजची स्थिती लिहीत आहे.

जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र दोन्ही माझ्याकडे आहेत. वैधता बारावीत असतानाच काढली होती. दोन्हींच्या स्वसाक्षांकित प्रती या ईमेलसोबत आहेत.

बी.एस्सी.च्या सहाव्या सत्राचा निकाल ८ जुलैला लागला. मूळ गुणपत्रक अजून महाविद्यालयात पोहोचलेले नाही, म्हणून संकेतस्थळावरून घेतलेली निकालाची प्रत पाठवत आहे. ती मूळ गुणपत्रकाच्या जागी धरावी असे माझे म्हणणे नाही, फक्त मी उत्तीर्ण आहे एवढे त्यावरून दिसावे. पहिल्या पाच सत्रांची मूळ गुणपत्रके माझ्याकडे आहेत, त्यांच्या प्रती जोडल्या आहेत.

महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यासाठी सोमवारी, २१ जुलैला जळगावला जात आहे. ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचे ‘नादेय’ झाले आहे, वसतिगृहाचे राहिले आहे. ते त्याच दिवशी झाले की दोन-तीन दिवसांत दाखला देऊ, असे तिथल्या कार्यालयाने फोनवर सांगितले. तेव्हा मूळ दाखला ३१ जुलैच्या आत आपल्याकडे जमा होईल, असे मी खात्रीने लिहू शकते.

स्थलांतर प्रमाणपत्राबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही. त्याच्या अर्जाला शेवटच्या सत्राचे गुणपत्रक आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला, दोन्हींच्या प्रती लागतात असे मला सांगण्यात आले आहे. म्हणजे गुणपत्रक छापून आल्याशिवाय अर्जच करता येत नाही, आणि गुणपत्रक कधी येईल ते माझ्या हातात नाही. ३१ जुलै ही तारीख मान्य करून नंतर दर आठवड्याला मुदतवाढ मागत बसण्यापेक्षा आत्ताच विनंती करते, की सहाव्या सत्राचे मूळ गुणपत्रक आणि स्थलांतर प्रमाणपत्र या दोन कागदांपुरती मला १० सप्टेंबर २०२५ पर्यंत मुदत द्यावी. मधे २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे, तेही धरूनच ही तारीख मागितली आहे. गुणपत्रक हातात आल्यापासून दोन दिवसांत स्थलांतराचा अर्ज करीन आणि त्याची पोचपावती त्याच दिवशी आपल्याला ईमेल करीन. या मुदतीसाठी माझे व वडिलांचे सहीचे हमीपत्र सोबत जोडले आहे. आपल्याकडे त्याचा ठरावीक नमुना असल्यास तो पाठवावा, त्यावर पुन्हा लिहून देऊ. पुणे विद्यापीठाकडून पात्रता मिळेपर्यंत माझा प्रवेश तात्पुरताच राहील, याची मला कल्पना आहे.

राहिले नॉन-क्रीमीलेअर. माझ्या जुन्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. त्याची प्रत केवळ माहितीसाठी जोडली आहे आणि तिच्यावर ‘मुदत संपलेले’ असे मीच लिहिले आहे, जेणेकरून छाननीत ती चालू प्रमाणपत्र म्हणून धरली जाऊ नये. नव्या प्रमाणपत्राचा अर्ज १४ जुलैला पिंपळगाव बसवंतच्या सेवा केंद्रातून केला आहे, पोचपावती सोबत आहे. अर्ज सध्या निफाडच्या तहसील कार्यालयात असून तिथून तो प्रांत कार्यालयात जाईल. प्रवेशाच्या दिवसांत तिथे अर्जांचा ढीग असतो. तरी ३१ जुलैपूर्वी मिळण्याची आशा आहे. तोपर्यंत न मिळाल्यास पोचपावतीवर माझी जागा राखली जाईल का, की मला खुल्या प्रवर्गाच्या यादीत धरले जाईल, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. हे कृपया लेखी कळवावे. शुल्कातला फरक भरायचा असल्यास तोही आधी कळला तर घरी तजवीज करता येईल.

आपण न मागितलेली एक गोष्ट आपणहून सांगते. दहावीच्या गुणपत्रकावर आईचे नाव ‘सुनंदा’ आहे आणि बी.एस्सी.च्या सर्व गुणपत्रकांवर ‘नंदा’. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केले असून त्याची प्रत जोडली आहे. पात्रतेच्या वेळी विद्यापीठाने शंका काढण्यापेक्षा आधीच कागद लावलेला बरा.

मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी घेऊन मी शुक्रवारी, २५ जुलैला सकाळी ११ वाजता कार्यालयात येते. त्या दिवशी समितीचे काम नसेल तर दुसरी वेळ कळवावी, पिंपळगावहून नाशिकला यायला मला अडचण नाही. महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र हे दोन कागद मी मूळ स्वरूपात आपल्याकडे जमा करीन. बाकीची मूळ कागदपत्रे पडताळणी होताच परत मिळावीत ही विनंती. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी ठेवून घेऊ नयेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे. शिवाय शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मला ती लागणार आहेत.

पाठवलेल्या प्रतींपैकी एखादी अस्पष्ट असल्यास तेवढीच पुन्हा पाठवीन, कृपया कळवावे. अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक चालू आहे. २१ तारखेला प्रवासात असेन, त्या दिवशी फोन लागला नाही तर वडिलांच्या क्रमांकावर करावा, तोही अर्जात आहे.

आपली विश्वासू,
वैष्णवी दिलीप महाजन
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक

सोबत : शुल्काची पावती, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, सत्र १ ते ५ ची गुणपत्रके, सत्र ६ च्या निकालाची ऑनलाइन प्रत, दहावीचे गुणपत्रक, नॉन-क्रीमीलेअरच्या अर्जाची पोचपावती, मुदत संपलेले नॉन-क्रीमीलेअर (माहितीसाठी), आईच्या नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र, हमीपत्र.

नंतर येणार : महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला (३१ जुलैपर्यंत), नवीन नॉन-क्रीमीलेअर (मिळताच), सत्र ६ चे मूळ गुणपत्रक व स्थलांतर प्रमाणपत्र (१० सप्टेंबरपर्यंत, मुदतवाढ मंजूर झाल्यास).