अभ्यासपद्धती : मापनसाधने, त्यांचे मराठी रूप आणि परवानग्या

पक्षाघातानंतर घरी परतलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांवरील ताण मोजण्यासाठी आम्ही नवीन प्रश्नावली तयार केली नाही. आधीच पारखलेली चार साधने वापरली. मूळ साधनापासून जिथे फारकत घेतली, तिथे ती का आणि कोणाच्या परवानगीने घेतली हे खाली नोंदवले आहे.

शुश्रूषेचा भार. यासाठी झरिट भार-मुलाखतीचे २२ प्रश्नांचे रूप वापरले. हे साधन मुळात २९ प्रश्नांचे होते आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी तयार झाले होते (झरिट, रीव्हर आणि बाख-पीटरसन, १९८०). प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ८८. गुण जितके जास्त तितका भार जास्त. आमचे रुग्ण पक्षाघाताचे असल्याने स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासांतील सीमारेषा आम्ही लावल्या नाहीत. एकूण गुण सलग चल म्हणूनच विश्लेषणात घेतले.

साधनाचे वितरण मापी रिसर्च ट्रस्टकडे आहे. वापर आणि मराठी रूपांतर या दोन्हींची लेखी परवानगी अनुवादाचे काम सुरू होण्यापूर्वी घेतली. या परवानगीत प्रश्न छापण्याचा समावेश नाही, म्हणून प्रश्नावली परिशिष्टात दिलेली नाही. रूपांतर बीटन आणि सहकाऱ्यांच्या (२०००) टप्प्यांनुसार झाले : दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ साधन न पाहिलेल्या दोघांकडून उलट अनुवाद, तज्ज्ञ समिती, आणि ३२ नातेवाइकांवर पूर्वचाचणी.

पूर्वचाचणीत तीन ठिकाणी अडले. पहिल्या मसुद्यात ‘ओझे’ हा शब्द होता. वडिलांची किंवा पतीची सेवा करणाऱ्या अनेकांनी तो ऐकताच ‘आम्हाला त्यांचं ओझं नाही’ असे सांगून प्रश्नच नाकारला. मात्र थकवा, अडकलेपण, वेळ न पुरणे या पुढच्या प्रश्नांना त्यांनीच वरचे गुण दिले. समितीने ‘ओझे’ काढून ‘ताण’ घेतला. उलट अनुवादात यामुळे अर्थ किंचित सौम्य झाल्याचे दिसले आणि ती मर्यादा आम्ही मान्य करतो. दुसरे, ‘लाज वाटते’ या शब्दांतून स्वतःच्या चुकीची कबुली ऐकू येत होती, म्हणून ‘ओशाळल्यासारखे होते’ असे केले. तिसरे, मूळ साधनात सगळीकडे ‘तुमचे नातेवाईक’ येते, पण मराठीत आईबद्दल, पतीबद्दल आणि मुलाबद्दल एकच वाक्य चालत नाही. मुलाखतकाराने नात्याचा शब्द घालून आदरार्थी किंवा एकेरी क्रियापद वापरायचे ठरले आणि त्यासाठी प्रत्येक प्रश्नाची दोन लेखी रूपे दिली. प्रश्नांचा क्रम, संख्या व गुणदान बदलले नाही. बदलांची यादी वितरकाला कळवली आहे.

नैराश्याची लक्षणे. पीएचक्यू-९ (क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स, २००१) मागील दोन आठवड्यांबद्दल विचारते. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण ० ते २७; १० किंवा अधिक गुण आम्ही पुढील तपासणीयोग्य मानले. हे साधन विनापरवाना वापरता व भाषांतरित करता येते, तसे त्यावरच नमूद आहे. उपलब्ध मराठी रूप एकाही शब्दाचा बदल न करता वाचून दाखवले, कारण सर्वांना स्वतः भरणे सोयीचे नव्हते. मृत्यूचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, या नवव्या प्रश्नाला ० सोडून कोणतेही उत्तर आल्यास एकूण गुण न पाहता त्याच दिवशी पथकातील मनोविकारतज्ज्ञांना कळवण्याचा नियम होता. संमतिपत्रात हे आधीच सांगितले होते.

रुग्णाचे परावलंबन बार्थेल निर्देशांकाने नोंदवले (महोनी आणि बार्थेल, १९६५, दहा बाबी, ० ते १००). अव्यावसायिक वापराला मूळ लेखाचा निर्देश पुरेसा असून फेरफाराला परवानगी लागते. आम्ही फेरफार केला नाही.

शुश्रूषकाच्या पायांची ताकद. ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ही चाचणी जोन्स, रिकली आणि बीम (१९९९) यांच्या वर्णनाप्रमाणे घेतली. हात छातीवर दुमडलेले. हाताचा आधार घेतल्यास शून्य. वेळ संपताना निम्म्याहून अधिक उठलेले असल्यास ती उठबस मोजली. चाचणी ज्येष्ठांसाठी रचलेली आहे आणि आमचे सहभागी ३५ वर्षांपासून पुढचे होते, त्यामुळे वयानुसारची प्रमाणमूल्ये न वापरता फक्त संख्या नोंदवली. घरोघरी खुर्च्यांची उंची निरनिराळी निघत असल्याने पथकाने ४३ सेंमी उंचीची, हात नसलेली एकच घडीची खुर्ची सोबत नेली आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. ज्यांना गुडघेदुखी होती किंवा ज्यांनी नकार दिला त्यांची ही नोंद रिक्त ठेवली, शून्य धरली नाही.