सई, वजनकाटा माळ्यावर ठेवलाय

प्रिय सई,

गणिताच्या वहीला कव्हर घालताना शेवटचं पान दिसलं. सोमवारी सकाळी ५३.१, मंगळवारी रात्री ५४.६, बुधवारी सकाळी ५३.४. मंगळवारच्या आकड्याभोवती तू लाल पेनानं तीन वेळा गोल केलाय, कागद फाटायला आलाय. त्या रात्रीपासून तू भात बंद केलास. म्हणून लिहितेय. समोर बोलले असते तर तू दार लावून घेतलं असतंस.

आधी तो दीड किलो बघू. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एका पोळीच्या शंभर धरल्या तर दीड किलोसाठी रोजच्या जेवणावर वर शंभराहून जास्त पोळ्या झाल्या, त्याही दोन दिवसांत. तू खाल्लीस ती पाणीपुरी आणि वेफर्स. त्यातल्या मिठानं शरीरात पाणी धरून ठेवलं, शिवाय रात्री पोटात दिवसभराचं जेवण होतं. अर्धा लिटर पाणी पिऊन काट्यावर उभी राहिलीस तर तो लगेच अर्धा किलो जास्त दाखवेल. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तर किलोभर सहज वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं.

भात सोडल्यावर दोन दिवसांत जे 'कमी झालं' तेही पाणीच. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की पाणी जातं, पहिल्या नीट जेवणाला परत येतं. मग तुला वाटतं आपण हरलो, आणि तू अजून कमी खातेस. सकाळचे पोहे सोडून शाळेत गेलीस की संध्याकाळी पाच वाजता डब्यातली बिस्किटं संपेपर्यंत हात थांबत नाही ना? त्याला मनाचा दुबळेपणा म्हणू नकोस. ती उपाशी शरीराची मागणी आहे.

मैत्रिणीच्या ४४ किलोशी तुलना तर अजिबात करू नकोस. तिची पाळी आत्ता सुरू झालीय, तुझी तीन वर्षांपूर्वी. या वयात मुलींचं ओटीपोटाचं हाड रुंदावतं, मांड्यांवर आणि कमरेवर चरबी येते. ती यायलाच हवी, पाळी नियमित राहायला लागते. हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आत होते, आणि भरलेलं हाड जड असतं. काट्याला हाड, पाणी, स्नायू काहीच वेगळं कळत नाही.

मोबाइलमधला बीएमआय बघू नकोस. ते सूत्र १९व्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं लोकसमूहांच्या अभ्यासातून मांडलं, एकेकट्या माणसाची तब्येत ठरवायला नाही. शिवाय मोठ्यांसाठीच्या मर्यादा पंधरा वर्षांच्या मुलीला लावतच नाहीत, डॉक्टर वयाप्रमाणे वाढीचा तक्ता बघतात. वर्षातून दोनदा तो त्यांनी बघावा, बस.

मोजायचंच असेल तर हे मोज. तीन जिने चढल्यावर किती धाप लागते, कबड्डीत शेवटच्या पाच मिनिटांत पाय चालतात का, झोप आठ तास होते का. हिमोग्लोबिन १२च्या वर हवं, ते पुढच्या आठवड्यात तपासून घेऊ. तोवर पोह्यांवर लिंबू पिळ, त्यानं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं, तो लोह अडवतो. डब्यात दोन पोळ्या आणि मटकीची उसळ राहील. रात्री भात-आमटी वाढेन, अंदाज तुझ्या भुकेचा.

पाळी सलग तीन महिने आली नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा जेवलेलं ओकून टाकावंसं वाटलं, तर मला रात्री दोनलाही उठव. रागावणार नाही. डॉक्टरांकडे जाऊ.

गणपतीत कोणी "सुटलीस गं" म्हणालं तर उत्तर मी देईन, "तिच्या अंगाबद्दल बोलायचं नाही." आणि आरशासमोर "काय जाडी झालेय मी" हे माझं पालुपदही आजपासून बंद. तू ते लहानपणापासून ऐकत आलीस, ही माझी चूक.

निळा कुर्ता काखेत काचतो म्हणून तू पोट आत ओढून बसतेस, ते मी बघते. त्याच्या दोन्ही बाजूंना आत बोटभर कापड सोडलेलं आहे. रविवारी उसवून सैल करून देते. अंगावर घालून खुणा करायला तेवढी दहा मिनिटं उभी राहा.

तुझी,
आई