विषय: शुक्रवार, 6 फेब्रुवारीची पुनर्विकास बैठक पुढे नेण्याबाबत विनंती

आदरणीय जोशी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या व्यवहार्यता अहवालावर चर्चा करण्यासाठी शुक्रवार, 6 फेब्रुवारी 2026 रोजी सकाळी 11 वाजता बैठक घ्यावी, असे मीच आपल्याला सुचवले होते आणि आपण ते लगेच मान्य केले होते. ही बैठक आता त्या दिवशी घेता येणार नाही, हे कळवताना मला मनापासून वाईट वाटते. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची नोटीस काल हाती आली असून मोजणी नेमकी त्याच दिवशी सकाळी ठरली आहे. लगतच्या भूखंडधारकांनाही नोटिसा गेल्या असल्याने ती तारीख बदलून मागणे शक्य नाही, आणि भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतील तेव्हा अध्यक्षांनी व मी जागेवर असणे आवश्यक आहे.

या बैठकीसाठी आपण नाशिकची साइट पाहणी पुढे ढकलली, याची मला पूर्ण जाणीव आहे. तो दिवस आमच्यामुळे वाया जातो आहे, त्याबद्दल समितीच्या वतीने मी आपली क्षमा मागतो. नाशिकची पाहणी पुन्हा शुक्रवारी घेता आली तर बरे होईल, म्हणूनच नोटीस मिळताच लिहीत आहे.

पुढील वेळांपैकी आपल्याला सोयीची असेल ती कळवावी: रविवार, 8 फेब्रुवारी रोजी सकाळी 10 वाजता संस्थेच्या कार्यालयात, मंगळवार, 10 फेब्रुवारी रोजी सायंकाळी 6 वाजता तेथेच, किंवा बुधवार, 11 फेब्रुवारी रोजी दुपारी 4 वाजता आपल्या कार्यालयात, म्हणजे आपला येण्याजाण्याचा वेळ तरी वाचेल. माझ्या मते मंगळवार सर्वांत चांगला, कारण त्या संध्याकाळी समितीचे सर्व सदस्य उपस्थित राहू शकतात. परंतु निर्णय आपल्या सोयीनेच व्हावा. यांपैकी एकही वेळ जमत नसेल, तर 12 तारखेपर्यंतची कोणतीही वेळ आपण सांगावी, आम्ही ती पाळू.

त्यापुढे जाणे मात्र कठीण आहे. विशेष सर्वसाधारण सभा 1 मार्चला घ्यायची असून तिची सूचना सभासदांना 14 दिवस आधी मिळायला हवी. 15 तारखेला महाशिवरात्र असल्याने ती शनिवार, 14 तारखेलाच घरोघरी पोहोचवण्याचा आमचा विचार आहे, आणि आपल्याशी बोलणे झाल्याशिवाय अहवाल सभासदांपुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र आणि कुंपणाच्या आतील प्रत्यक्ष जागा यांत फरक असल्याची शंका आपणच पहिल्या भेटीत बोलून दाखवली होती. मोजणीचा अधिकृत नकाशा मिळायला वेळ लागेल, तरी जागेवर दाखवलेल्या खुणांची छायाचित्रे आणि आमच्या नोंदी शुक्रवारी संध्याकाळीच आपल्याला पाठवतो. चटईक्षेत्राचे गणित त्या क्षेत्रावरच उभे असल्याने ती आधी पाहता आली तर बैठकीत नेमके बोलता येईल.

आपले उत्तर बुधवार, 4 तारखेपर्यंत मिळाल्यास मी लगेच सर्वांना कळवीन. फोनवर सांगितले तरी चालेल.

आपला विश्वासू,
विजय साठे
मानद सचिव
2 फेब्रुवारी 2026, पुणे