फुग्याच्या साह्याने यीस्टच्या किण्वनदराचे मापन: शर्करा आणि तापमान यांचा परिणाम

कनिष्ठ महाविद्यालय, जीवशास्त्र प्रकल्प अहवाल, इयत्ता अकरावी

उद्देश

यीस्टला वेगवेगळ्या शर्करा आणि वेगवेगळे तापमान दिल्यास किण्वनाचा वेग किती बदलतो, हे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आकारमानावरून ठरवणे.

पार्श्वभूमी

यीस्ट, म्हणजे *सॅकरोमायसिस सेरेव्हिसी*, ही एकपेशीय बुरशी आहे. ग्लुकोजचे ग्लायकोलायसिसने पायरुव्हेट होते, पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटून ॲसिटाल्डिहाइड उरते आणि त्याचे इथेनॉल होते. एकूण अभिक्रिया अशी:

C₆H₁₂O₆ → 2 C₂H₅OH + 2 CO₂

चंबूत थोडी हवा असतेच, मग फुग्यातला वायू किण्वनाचाच कशावरून, ही शंका आम्हाला सुरुवातीलाच आली. तिचे उत्तर समीकरणातच आहे. ऑक्सिश्वसनात ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे ६ रेणू आत जातात आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ बाहेर येतात. जेवढे आकारमान घेतले तेवढेच परत मिळते, म्हणून श्वसनाने फुगा फुगत नाही. किण्वनात वायू आत न घेता फक्त बाहेर टाकला जातो. एवढ्या साध्या साधनाने या दोन क्रिया आपोआप वेगळ्या होतात, ही आम्हाला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

साहित्य

२५० मिलीचे शंकूच्या आकाराचे चंबू, एकाच पाकिटातले एकसारखे फुगे, कोरडे बेकर्स यीस्ट, ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, माल्टोज, लॅक्टोज, लॅक्टेजच्या गोळ्या, वॉटर बाथ, तापमापी, डिजिटल तराजू, ५० मिलीची सिरिंज, दोरा, मोजपट्टी, स्टॉपवॉच.

फुग्याचे अंशांकन

फुग्याचा परीघ दोऱ्याने मोजून V = C³/6π² या सूत्रात घालणे ही नेहमीची रीत. पण हे सूत्र गोलाचे आहे आणि फुगा असतो पेअरच्या आकाराचा. आम्ही सिरिंजने फुग्यात ५०, १००, १५० अशी मोजून हवा भरली, प्रत्येक वेळी सर्वांत रुंद जागेचा परीघ घेतला आणि आलेख काढला. २०० मिली हवेला परीघ २१.५ सेमी आला. सूत्राप्रमाणे याच परिघाचे आकारमान सुमारे १६८ मिली येते, म्हणजे सूत्र मानेकडचा भाग हिशेबातच घेत नाही. पुढची सगळी आकारमाने आम्ही या आलेखावरून वाचली आहेत.

५० मिलीच्या खाली फुगा ताणलेला नसतो, नुसता सैल उभा राहतो. तिथे परीघ मोजण्यात अर्थ नाही, म्हणून असे वाचन '५० पेक्षा कमी' असेच लिहिले आहे. प्रत्येक फुगा वापरण्याआधी हाताने ताणून दोनदा फुगवून सोडला, कारण नव्या रबराचा ताण जास्त असतो आणि त्याने पहिली वाचने दबतात.

कृती

१०० मिली पाणी ठरलेल्या तापमानाला आणून त्यात ५ ग्रॅम शर्करा विरघळवली. त्यात ३ ग्रॅम यीस्ट घालून ३० सेकंद ढवळले, मिश्रण चंबूत ओतले, लगेच तोंडावर फुगा चढवला आणि चंबू वॉटर बाथमध्ये ठेवला. दर १० मिनिटांनी चंबू सारखाच, हलका हलवला. न हलवल्यास बराच वायू द्रावणातच अडकून राहतो. प्रत्येक स्थितीसाठी तीन चंबू होते. खालचे आकडे त्यांची सरासरी आहेत, जवळच्या ५ मिलीपर्यंत.

चंबू कोमट असला तरी फुगा बाहेर, खोलीच्या हवेत असतो. त्यामुळे सगळ्या फुग्यांतला वायू जवळपास एकाच तापमानाला मोजला गेला. ही बाब महत्त्वाची आहे, नाहीतर ४५ अंशांचा फुगा नुसत्या वायूच्या प्रसरणानेच मोठा दिसला असता.

नियंत्रणासाठी प्रत्येक तापमानाला एक चंबू फक्त यीस्ट आणि पाण्याचा, तर ३५ अंशांना एक चंबू उकळून मारलेल्या यीस्टचा आणि ग्लुकोजचा ठेवला. चंबूतली हवा तापून फुगा थोडा उभा राहतो, तो परिणाम किती हे यावरून कळते. सगळे नियंत्रण-फुगे शेवटपर्यंत ५० मिलीच्या खालीच राहिले.

चंबूला बूच लावून वायू कधीही कोंडू नये. ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी फुगे हाताळू नयेत. द्रावण चाखू नये, प्रयोगानंतर भरपूर पाण्यासोबत सिंकमध्ये ओतावे.

निरीक्षणे १: तापमान (शर्करा: ग्लुकोज; वायू मिलीमध्ये)

| तापमान | २० मिनिटे | ४० मिनिटे | ६० मिनिटे |
|---|---|---|---|
| १५ °से. | ५० पेक्षा कमी | ५० पेक्षा कमी | ५० पेक्षा कमी |
| २५ °से. | ५० पेक्षा कमी | ६५ | ११५ |
| ३५ °से. | ६० | १६० | २६५ |
| ४५ °से. | ९० | १७५ | २२० |
| ५५ °से. | ५० पेक्षा कमी | ५० पेक्षा कमी | ५० पेक्षा कमी |

निरीक्षणे २: शर्करा (तापमान: ३५ °से.; वायू मिलीमध्ये)

| शर्करा | ६० मिनिटे | १२० मिनिटे |
|---|---|---|
| ग्लुकोज | २६५ | ५६० |
| सुक्रोज | २५५ | ५७० |
| फ्रुक्टोज | २३५ | ५०० |
| माल्टोज | ५५ | २३० |
| लॅक्टोज | ५० पेक्षा कमी | ५० पेक्षा कमी |
| लॅक्टोज + लॅक्टेज | १२० | ३१० |

चर्चा: तापमान

दर काढताना आम्ही शेवटचे आकारमान भागिले एकूण वेळ असे केले नाही. सुरुवातीची काही मिनिटे कोरड्या पेशी पाणी शोषून जाग्या होत असतात, शिवाय पहिला वायू पाण्यातच विरघळतो. म्हणून ४० ते ६० मिनिटांमधला चढ घेतला. २५ अंशांना तो मिनिटाला २.५ मिली आणि ३५ अंशांना ५.२५ मिली. १० अंश वाढल्यावर वेग २.१ पट झाला. विकरांच्या अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो असे पुस्तकात वाचले होते, ते इथे आमच्या आकड्यांत दिसले. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी फोडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखरेचे किण्वन होते हे दाखवले होते. किण्वन हे विकरांचे काम असेल तर त्याने तापमानाला विकरांसारखाच प्रतिसाद द्यायला हवा, आणि तो तसा देतो.

खरी गंमत ४५ अंशांच्या ओळीत आहे. २० मिनिटांना हा फुगा सगळ्यांत मोठा होता. फक्त तेवढेच वाचन घेतले असते तर ४५ हेच सर्वोत्तम तापमान असे आम्ही लिहून मोकळे झालो असतो. पण २० ते ४० मिनिटांत त्याचा वेग मिनिटाला ४.२५ मिली होता आणि ४० ते ६० मध्ये २.२५ वर आला, तर ३५ अंशांचा फुगा त्याच वेगाने पुढे जात राहिला. इतक्या उष्णतेत विकर आधी जोरात चालतात आणि त्याच वेळी त्यांची रचना हळूहळू बिघडतही जाते. तयार होणारे इथेनॉल उष्णतेचा त्रास आणखी वाढवते. म्हणून 'इष्टतम तापमान' सांगताना ते किती वेळासाठी, हेही सांगायला हवे. आमच्या पाच तापमानांत एका तासासाठी ३५ अंश सर्वांत चांगले ठरले. ३५ आणि ४५ च्या मध्ये आम्ही मोजलेले नाही, खरे शिखर तिथेही असू शकते.

१५ आणि ५५ या दोन ओळी तक्त्यात सारख्या दिसतात, पण त्यांची कारणे उलट आहेत. तासाभरानंतर दोन्ही चंबू ३५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये हलवले, तेव्हा १५ अंशांचा फुगा भरू लागला आणि ५५ अंशांचा तसाच राहिला. थंडीत पेशी फक्त मंदावल्या होत्या, उष्णतेत त्या मेल्या होत्या. शिवाय थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो. १०० मिली पाण्यात ३५ अंशांना सुमारे ६० मिली मावतो, १५ अंशांना सुमारे १०० मिली. त्यामुळे १५ अंशांचे खरे किण्वन फुगा दाखवतो त्याहून जास्त असणार.

चर्चा: शर्करा

सगळ्या शर्करा वजनाने सारख्या घेतल्या. द्विशर्करेचे रेणू त्याच वजनात जवळपास निम्मे असले तरी प्रत्येक रेणूत दोन एकके असतात, त्यामुळे तुलना न्याय्य राहते. ५ ग्रॅम ग्लुकोजपासून खोलीच्या तापमानाला जास्तीत जास्त सुमारे १.३५ लिटर वायू मिळू शकतो. दोन तासांत त्याचा निम्माही निघालेला नाही, म्हणजे फुग्याचा वेग साखर संपल्यामुळे अडलेला नव्हता.

सुक्रोज आधी तुटावे लागते, म्हणून ते मागे पडेल असा आमचा अंदाज होता. ते जवळजवळ ग्लुकोजच्या बरोबरीने चालले. इन्व्हर्टेज हे विकर यीस्टच्या पेशीपटलाच्या बाहेर, पेशीभित्तिकेच्या भागात असते. सुक्रोज पेशीत शिरण्याआधीच तुटते आणि बेकर्स यीस्टमध्ये हे विकर भरपूर असते. फ्रुक्टोजचे रेणुसूत्र ग्लुकोजचेच, तरी ते किंचित मागे राहिले. पेशीपटलावरचे वाहक ग्लुकोजला जास्त घट्ट पकडतात, असे याचे स्पष्टीकरण आहे.

माल्टोजचे मात्र वेगळे आहे. ते अखंड आत न्यावे लागते आणि आत माल्टेजने तोडावे लागते. त्याचा वाहक आणि विकर पेशी माल्टोज समोर आल्यावरच पुरेशा प्रमाणात बनवते. पहिल्या तासात ५५ मिली आणि दुसऱ्या तासात १७५ मिली: हा उशीर म्हणजे जनुके चालू होऊन प्रथिने तयार होण्याचा वेळ आहे, असा आमचा अर्थ आहे. फुग्यावरून जनुकांचे नियमन दिसू शकते, हे आम्हाला प्रयोगाआधी कुणी सांगितले असते तर पटले नसते.

लॅक्टोजमध्ये काहीच घडले नाही, कारण या यीस्टकडे लॅक्टोजचा वाहकही नाही आणि लॅक्टेजही नाही. केवळ 'फुगला नाही' यावर थांबणे आम्हाला अपुरे वाटले, म्हणून लॅक्टेजची गोळी घातली. फुगा भरला. लॅक्टोज नसलेल्या यीस्टमध्ये तीच गोळी घातली तेव्हा तो ५० मिलीच्या खालीच राहिला, म्हणजे वायू गोळीतल्या इतर घटकांचा नव्हता. अडचण फक्त त्या एका बंधाची होती. तुटलेल्या लॅक्टोजमधले ग्लुकोज लगेच वापरले जाते, गॅलॅक्टोजसाठी पुन्हा नवी विकरे लागतात, म्हणून हा फुगा ग्लुकोजच्या फुग्याच्या बराच मागे राहिला.

मर्यादा आणि पुढचे काम

रबरातून कार्बन डायऑक्साइड सावकाश बाहेर झिरपतो, त्यामुळे दोन तासांची वाचने थोडी कमी असतील. ग्लुकोज, सुक्रोज आणि फ्रुक्टोज यांतला फरक लहान आहे. एकाच स्थितीच्या तीन चंबूंतही २० मिलीपर्यंत तफावत होती, म्हणून ६० मिनिटांना ग्लुकोज सुक्रोजच्या पुढे होते असा दावा आम्ही करत नाही. माल्टोज आणि लॅक्टोजचे फरक मात्र या तफावतीपेक्षा कितीतरी मोठे आहेत.

माल्टोजच्या उशिराचे आमचे स्पष्टीकरण बरोबर असेल, तर रात्रभर माल्टोजमध्ये वाढवलेल्या यीस्टला ताजे माल्टोज दिल्यावर फुगा पहिल्या तासातच भरायला हवा. पुढच्या प्रात्यक्षिकात तेच करून पाहणार आहोत.