गुन्हा रद्द करण्यासाठी फौजदारी रिट याचिका

सन्माननीय मुंबई उच्च न्यायालय, सर्किट बेंच कोल्हापूर यांचे समोर
फौजदारी अधिकारिता
फौजदारी रिट याचिका, सन 2025

(भारतीय संविधानाचा अनुच्छेद 226 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 चे कलम 528 अन्वये)

1. सुनील आण्णासाहेब चौगुले, वय 47 वर्षे, व्यवसाय यंत्रमाग कारखानदार
2. सौ. वैशाली सुनील चौगुले, वय 42 वर्षे, व्यवसाय घरकाम
दोघेही राहणार इचलकरंजी, जिल्हा कोल्हापूर … याचिकाकर्ते

विरुद्ध

1. महाराष्ट्र राज्य, तपासी अधिकाऱ्यांमार्फत
2. महेश बाबूलाल शहा, वय 51 वर्षे, व्यवसाय सूत व्यापारी, राहणार इचलकरंजी (मूळ फिर्यादी) … प्रतिवादी

याचिकाकर्त्यांची सविनय विनंती येणेप्रमाणे:

1. प्रतिवादी क्र. 2 यांच्या फिर्यादीवरून दि. 21 जुलै 2025 रोजी याचिकाकर्त्यांविरुद्ध भारतीय न्याय संहिता, 2023 ची कलमे 318(4), 316(2) व 3(5) अन्वये गुन्हा रजिस्टर क्र. 412/2025 दाखल झाला आहे. सुताच्या खरेदीपोटी राहिलेली बाकी आणि सदोष मालाची वजावट यांवरून उद्भवलेला हा हिशेबाचा वाद असून त्याला फसवणुकीचे स्वरूप देण्यात आले आहे. म्हणून प्रथम खबर अहवाल (निशाणी अ) व त्याअनुषंगाने होणारी सर्व कार्यवाही रद्द व्हावी, यासाठी ही याचिका आहे.

2. याचिकाकर्ता क्र. 1 यांचा इचलकरंजी येथे 24 यंत्रमागांचा कारखाना आहे. ते बाजारातून सूत विकत घेतात, बाहेरच्या सायझिंगमधून बिमे भरून आणतात आणि ग्रे कापड विणून व्यापाऱ्यांना विकतात. कारखाना त्यांच्या एकट्याच्या मालकीचा आहे. याचिकाकर्त्या क्र. 2 या त्यांच्या पत्नी असून कारखान्याशी, त्याच्या बँक खात्याशी किंवा जीएसटी नोंदणीशी त्यांचा कोणताही संबंध नाही.

3. प्रतिवादी क्र. 2 यांच्याशी व्यवहार एप्रिल 2018 पासूनचा आहे. माल चलनासोबत यायचा, बिलाची मुदत 30 दिवसांची असायची, आणि मुदत पुढेमागे झाली तरी हिशेब चालू खात्यात ओढला जायचा. अशा रीतीने सप्टेंबर 2024 अखेरपर्यंत याचिकाकर्ता क्र. 1 यांनी प्रतिवादी क्र. 2 यांच्याकडून एकूण 2,11,60,000 रुपयांचे सूत घेतले व त्याची पूर्ण रक्कम बँकेमार्फत चुकती केली. दि. 30 सप्टेंबर 2024 रोजी खात्यावर बाकी शून्य होती, आणि हा खातेउतारा प्रतिवादी क्र. 2 यांच्याच पेढीने सही करून दिलेला आहे (निशाणी ब). फिर्यादीत या साडेसहा वर्षांचा उल्लेख "ओळख वाढवून विश्वास संपादन केला" एवढ्या एका वाक्यात केलेला आहे.

4. वादातील व्यवहार त्यानंतरचा आहे. दि. 7 ऑक्टोबर ते 23 डिसेंबर 2024 या काळात 40 काऊंटच्या सुताची प्रत्येकी 40 बाचकी, म्हणजे प्रत्येक बिलास 2,000 किलो, अशी सहा बिले झाली. दर किलोला 280 रुपये होता. 5 टक्के जीएसटीसह प्रत्येक बिल 5,88,000 रुपयांचे व सहा बिलांची एकूण रक्कम 35,28,000 रुपये होते. त्यापोटी याचिकाकर्ता क्र. 1 यांनी दि. 18 नोव्हेंबर व 9 डिसेंबर 2024 रोजी प्रत्येकी 4,00,000 रुपये, दि. 30 डिसेंबर 2024 रोजी 3,76,000 रुपये आणि दि. 31 जानेवारी 2025 रोजी 3,24,000 रुपये, असे एकूण 15,00,000 रुपये आरटीजीएसने भरले (निशाणी क). यातील शेवटच्या दोन रकमा सर्व माल ताब्यात आल्यानंतर भरलेल्या आहेत, याकडे सन्माननीय न्यायालयाचे लक्ष विशेषत्वाने वेधण्यात येते. ज्याला फसवायचेच आहे, तो सगळा माल हाती आल्यावर सात लाख रुपये आपणहून भरत नाही.

5. जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात मागावरून उतरलेल्या कापडात आडवे पट्टे दिसू लागले. तागा तपासणीच्या काचेवर धरला की दर काही इंचांवर दाट व विरळ पट्टी स्पष्ट दिसत होती. वापरात असलेली बाचकी तपासली असता, बाहेरून लेबल एकच आणि कोनांच्या पुठ्ठ्यांचा रंगही एकच असूनही आतील काही कोनांचे सूत जाड असल्याचे आढळले. शहरातील वस्त्रोद्योग प्रयोगशाळेत नमुने दिले असता त्यातील काही कोन 40 ऐवजी 36 काऊंटचे असल्याचा अहवाल आला (निशाणी ड). हा माल चौथ्या व पाचव्या बिलातील होता. कापड घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यापोटी 6,40,000 रुपये कापून घेतले. म्हणून याचिकाकर्ता क्र. 1 यांनी दि. 20 जानेवारी 2025 रोजी तेवढ्या रकमेची डेबिट नोट पाठवली (निशाणी इ).

6. डेबिट नोट मिळाल्यावर दि. 22 जानेवारी 2025 रोजी प्रतिवादी क्र. 2 यांनी व्हॉट्सअॅपवर पुढील उत्तर दिले: "गिरणीला कळवलंय. त्यांचा माणूस येऊन कोन बघून जाऊ दे, मग हिशेब बसून करू. तोवर थोडं थांबलं तरी चालेल." (निशाणी फ). गिरणीकडून पाहणीसाठी कोणीही आले नाही. या संदेशाचा फिर्यादीत उल्लेख नाही, डेबिट नोटेचाही नाही आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचाही नाही.

7. बिले काढताना प्रतिवादी क्र. 2 यांनी, बाजाराच्या रिवाजाप्रमाणे, दोन सहीचे धनादेश तारण म्हणून घेऊन ठेवले होते. ते त्यांनी वजावट विचारात न घेता प्रत्येकी 10,14,000 रुपयांचे, म्हणजे एकूण 20,28,000 रुपयांचे भरले व दि. 10 मार्च 2025 रोजी बँकेत टाकले. ते न वटल्यामुळे दि. 25 मार्च रोजी नोटीस पाठवली. दि. 8 एप्रिल रोजी याचिकाकर्ता क्र. 1 यांनी सविस्तर उत्तर देऊन 13,88,000 रुपये देणे मान्य केले व ते हप्त्यांनी देण्याची तयारी दाखवली (निशाणी ग). दि. 2 मे 2025 रोजी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, 1881 च्या कलम 138 खाली तक्रार दाखल झाली असून ती प्रलंबित आहे. ही बाबही फिर्यादीत दडवलेली आहे.

8. गुन्हा दाखल झाल्यावर दि. 30 जुलै रोजी कलम 35(3) ची नोटीस मिळाली व दोन्ही याचिकाकर्ते चौकशीस हजर राहिले. दि. 2 ऑगस्ट रोजी तेथे त्यांना पाच तास बसवून ठेवून "पैसे भरा, फिर्यादी मागे घेतील" असे सांगण्यात आले. त्यानंतर सत्र न्यायालयाने दि. 8 ऑगस्ट रोजी दोघांनाही अटकपूर्व जामीन दिला. दोषारोपपत्र अद्याप दाखल झालेले नाही.

आधार

9. फसवणुकीच्या गुन्ह्यात, ज्या क्षणी माल देण्यास प्रवृत्त केले त्याच क्षणी अप्रामाणिक हेतू असणे आवश्यक आहे. हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (2000) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की केवळ कराराचा भंग म्हणजे फसवणूक नव्हे आणि नंतर वचन पाळले गेले नाही यावरून सुरुवातीचा हेतू गृहीत धरता येत नाही. प्रस्तुत फिर्याद जशीच्या तशी खरी मानली तरी त्यात खोटे नाव, खोटी पत, बनावट कागद किंवा माल परस्पर गायब करणे, यांपैकी काहीच नाही. याचिकाकर्ता क्र. 1 यांनी नेमके कोणते खोटे विधान केले, कोणत्या तारखेला केले आणि त्यामुळे कोणते बाचके हातचे गेले, याबद्दल फिर्याद मौन बाळगते. "सुरुवातीपासूनच फसवणुकीचा उद्देश होता" हे कलमाचे शब्द उतरवून काढलेले आहेत. ते घटनेचे वर्णन नाही.

10. फौजदारी न्यासभंगासाठी मालमत्ता सोपवलेली असावी लागते. येथे सूत विकले गेले. बिल झाले, कर भरला गेला, ई-वे बिल निघाले आणि माल विक्री अधिनियम, 1930 नुसार मालाची मालकी खरेदीदाराकडे आली. स्वतःच्या मालकीच्या सुताचे कापड विणून विकणे हा अपहार होऊ शकत नाही. शिवाय, एकाच व्यवहारात फसवणूक आणि न्यासभंग हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असे दिल्ली रेस क्लब (1940) लिमिटेड विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (2024) या निवाड्यात सांगितले असून, दोन्ही कलमे यांत्रिकपणे एकत्र लावण्याच्या पोलिसांच्या सवयीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नापसंती व्यक्त केली आहे.

11. माल सदोष निघाल्यास किमतीत वजावट मागण्याचा हक्क खरेदीदाराला माल विक्री अधिनियमाचे कलम 59 देते, तर किमतीसाठी दावा लावण्याचा हक्क विक्रेत्याला कलम 55 देते. 6,40,000 रुपयांची वजावट योग्य की अयोग्य, हा प्रश्न दिवाणी न्यायालयात साक्षीपुराव्याने सुटणारा आहे. प्रतिवादी क्र. 2 यांनी आजतागायत दिवाणी दावा लावलेला नाही. दिवाणी वाद व देणी फौजदारी दबावाने वसूल करण्याच्या वाढत्या प्रवृत्तीबद्दल इंडियन ऑइल कॉर्पोरेशन विरुद्ध एनईपीसी इंडिया (2006) मध्ये दिलेला इशारा येथे तंतोतंत लागू पडतो.

12. धनादेशाची तक्रार प्रलंबित असल्यामुळे फसवणुकीचा गुन्हा कधीच दाखल होऊ शकत नाही, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे नाही. दोन्ही गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत, हे त्यांना मान्य आहे. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की फसवणुकीचे घटक या फिर्यादीत मुळातच नाहीत, आणि तक्रार दाखल केल्यानंतर अडीच महिन्यांनी ती दडवून गुन्हा नोंदवणे यातून हेतू उघड होतो.

13. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2021) या निवाड्याची याचिकाकर्त्यांना पूर्ण जाणीव आहे. तपासात हस्तक्षेप अपवादानेच व्हावा हे तत्त्व ते शिरोधार्य मानतात. परंतु त्याच निवाड्याने हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल (1992) मधील कसोट्या कायम ठेवल्या आहेत, आणि फिर्याद खरी मानूनही गुन्हा न होणे व कार्यवाही दुष्ट हेतूने सुरू केलेली असणे, या दोन कसोट्यांत हे प्रकरण सरळ बसते. खातेउतारा, बिले व बँकेच्या नोंदी निर्विवाद आहेत. तपासाने त्यात भर पडण्यासारखे काही उरलेले नाही. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या निवाड्यात व्यापारी व्यवहारांच्या तक्रारींत प्राथमिक चौकशीस वाव ठेवलेला असूनही येथे ती झाली नाही.

14. याचिकाकर्त्या क्र. 2 यांच्याविरुद्ध फिर्यादीत एकच वाक्य आहे: "सदर वेळी आरोपीची पत्नीही घरी हजर होती." स्वतःच्या घरी हजर असणे यावरून समान इरादा सिद्ध होत नाही. नवऱ्यावर दडपण यावे, याखेरीज त्यांचे नाव घालण्याचे दुसरे कोणतेही कारण दिसत नाही.

15. याच विषयावर याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात किंवा या न्यायालयात अन्य कोणतीही याचिका दाखल केलेली नाही. मान्य असलेले 13,88,000 रुपये देण्याची तयारी याचिकाकर्ता क्र. 1 यांनी आजही कायम ठेवली असून, सन्माननीय न्यायालयाने निर्देश दिल्यास त्यापैकी 5,00,000 रुपये, आपल्या हरकतींना बाध न येता, चार आठवड्यांत न्यायालयात जमा करण्यास ते तयार आहेत.

विनंती

(अ) गुन्हा रजिस्टर क्र. 412/2025 मधील प्रथम खबर अहवाल व त्यावरील सर्व पुढील कार्यवाही दोन्ही याचिकाकर्त्यांपुरती रद्दबातल करण्यात यावी.

(ब) याचिकेचा अंतिम निकाल लागेपर्यंत सदर गुन्ह्याच्या तपासास स्थगिती द्यावी; ते शक्य नसल्यास, न्यायालयाच्या परवानगीशिवाय दोषारोपपत्र दाखल करू नये, असा अंतरिम आदेश व्हावा.

(क) याचिकाकर्त्या क्र. 2 यांना चौकशीच्या नावाखाली पोलीस ठाण्यात बोलावू नये, असा निर्देश द्यावा.

(ड) न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल असा अन्य आदेश व्हावा.

सत्यापन

मी, सुनील आण्णासाहेब चौगुले, याचिकाकर्ता क्र. 1, माझ्यासाठी व याचिकाकर्त्या क्र. 2 यांच्या वतीने सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, परिच्छेद 1 ते 8, 14 व 15 मधील घटनाविषयक मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे आणि परिच्छेद 9 ते 13 मधील कायदेविषयक मजकूर मला मिळालेल्या सल्ल्यावर आधारित असून तो मी खरा मानतो. याचिका मला वाचून दाखवली असून ती समजून घेऊन मी खाली सही केली आहे.

कोल्हापूर, दि. 15 सप्टेंबर 2025

सुनील आण्णासाहेब चौगुले
याचिकाकर्ता क्र. 1