फ्रेशरचा रेझ्युमे: अनुभव नाही, मग लिहायचं काय? | एका पानाचा फॉरमॅट, सेक्शन आणि नेहमीच्या चुका

थंबनेल: «अनुभव शून्य? पान तरी भरतं!»

डिस्क्रिप्शन:
अनुभव लिहायला काही नाही, म्हणून छंद, जन्मतारीख आणि खाली सहीसकट डिक्लरेशन टाकून दोन पानं ओढली? ती दोन पानं या व्हिडिओत एकावर आणतो, तीही कोऱ्या वर्ड फाइलपासून, तुमच्यासमोर.

फॉरमॅट साधा: एकच कॉलम, १० ते १२ चा फॉन्ट, सगळ्यात अलीकडचं सगळ्यात वर. टेबल, आयकॉन, «जावा ८०%» अशा पट्ट्या नकोत. एटीएस म्हणजे अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी अडखळू शकतं. आणि ८० टक्के जावा म्हणजे नक्की किती, हे मुलाखतीत विचारलं तर सांगाल काय?

सेक्शन या क्रमाने: नाव-संपर्क, दोन ओळींचा सारांश, शिक्षण, प्रोजेक्ट, इंटर्नशिप असेल तर ती, स्किल्स, सर्टिफिकेट. सर्वात जास्त वेळ प्रोजेक्टवर घालवलाय, कारण फ्रेशरचा अनुभव तिथेच असतो. एक ओळ बदलून बघू:

आधी: «लायब्ररी मॅनेजमेंट प्रोजेक्टमध्ये सहभाग.»
नंतर: «चौघांच्या टीममध्ये डेटाबेसची जबाबदारी माझी, १,२०० पुस्तकांची वहीतली नोंद MySQL मध्ये आणली.»

आकडा खराच हवा. फुगवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला फुटतो.

0:00 हा रेझ्युमे बाजूला का पडला
1:10 एका पानाचा फॉरमॅट
3:05 ईमेल आयडी: coolboy_rocks चालणार नाही
3:50 «आव्हानात्मक पद हवे» हे ऑब्जेक्टिव्ह काढा
5:20 शिक्षण: मार्क कमी असतील तर?
6:45 प्रोजेक्ट लिहिण्याची पद्धत (घाईत असाल तर थेट इथे या)
10:30 स्किल्स: फक्त एकदा ऐकलेलं लिहू नका
11:40 जाहिरात वाचून रेझ्युमे बदलणे
13:15 स्पेलिंग, तारखा, न उघडणाऱ्या लिंक
14:20 पीडीएफ आणि फाइलचं नाव

पिन केलेली कमेंट:
फाइल resume_final_new2.pdf नावाने पाठवत असाल तर आधी नाव बदला: तुमचं नाव, पुढे पद. तुमच्या प्रोजेक्टची एक ओळ खाली लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही सुधारून दाखवतो. फोन नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका.

टॅग: फ्रेशर रेझ्युमे मराठी, रेझ्युमे कसा लिहायचा, रेझ्युमे फॉरमॅट, बायोडेटा आणि रेझ्युमे फरक, एटीएस रेझ्युमे, प्रोजेक्ट कसा लिहावा, पहिली नोकरी, रेझ्युमेतील चुका

#रेझ्युमे #फ्रेशर #पहिलीनोकरी

भाषा: मराठी | कॅटेगरी: शिक्षण | प्लेलिस्ट: पहिल्या नोकरीची तयारी