कॉल स्क्रिप्ट: मेन रोड, भांडी बाजार, पंचवटी

स्नेहल, नाशिकच्या दुकानदारांना त्यांची गूगल मॅपवरची माहिती नीट लावून द्यायचं काम विचारायला फोन करशील, तेव्हा ही समोर ठेव, पण वाचून दाखवल्यासारखी बोलू नकोस. दुकानदाराला वाचणं लगेच कळतं.

फोन लावायच्या आधी गूगल मॅपवर ते दुकान उघड आणि खटकणारी एक नेमकी गोष्ट टिपून घे. "तुमची माहिती अपूर्ण आहे" हे सगळेच सांगतात. दुकानांना बोहनी होईस्तोवर फोन नको, अकरानंतर लाव. मिसळवाल्यांना दुपारी तीननंतरच. डीएनडीला नोंद असलेले नंबर यादीतून आधी काढायचे.

उदाहरण भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या दुकानाचं घेतलंय.

"नमस्कार, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान ना? मालकांशी बोलायचं होतं."

"मीच बोलतोय. बोला."

"दादा, मी स्नेहल, कॅनडा कॉर्नरवरून. आपली ओळख नाही, हा पहिलाच फोन आहे. गिऱ्हाईक समोर असेल तर ठेवते, नाहीतर एक मिनिट घेऊ का?"

इथे थांब. त्यांना बोलू दे. "नंतर करा" म्हणाले तर लगेच वेळ विचार: "आज चारला चालेल?"

"हं, बोला पटकन."

"मॅपवर तुमचं दुकान बघितलं. खूण मागच्या गल्लीत पडलीय आणि उघडायची-बंद करायची वेळ दिलेलीच नाही. बाहेरगावचा माणूस त्या गल्लीत जाऊन परत फिरायचा. खूण, वेळ, फोन नंबर, चांगले फोटो, हे सगळं आम्ही नीट लावून देतो. दीड हजार रुपये, एकदाच. उद्या दुकानात येऊन दहा मिनिटांत दाखवू का?"

"नको नको, गरज नाही. वडिलांपासूनचं दुकान आहे. अख्खं नाशिक ओळखतं आम्हाला."

हा पहिला नकार. बहुतेक वेळा तो मध्येच वाजलेल्या फोनला असतो, आपलं काम त्यांनी अजून नीट ऐकलेलंही नसतं. म्हणून "पण दादा" म्हणायचं नाही. "पण" आला की वाद सुरू झाला. श्वास घे, त्यांचं म्हणणं मान्य कर आणि एकच प्रश्न विचार:

"खरंय दादा, नाशिककराला तुमचा पत्ता सांगायला नको. एकच विचारते आणि ठेवते. रामकुंडावर येणारे बाहेरगावचे लोक तुमच्याकडे येतात का?"

"येतात की. गडू, कलश नेतात."

"त्यांच्यासाठीच म्हणत होते. 2027 ला सिंहस्थ आहे, येणारा माणूस फोनवर बघत बघतच फिरणार. उद्या साडेअकराला येऊ? बघून नाही पटलं तर नाही म्हणा, येण्याचे पैसे नाहीत."

सिंहस्थाचं नाव एकदाच घे. "दुकान मागे पडेल" असली भीती घालायची नाही. आणि ते म्हणाले, "नाही हो, आमचं सगळं लग्नाच्या भांड्यांचं काम," तर सिंहस्थ विसर, आभार मान आणि ठेव. ते आपलं गिऱ्हाईक नाही.

"तुम्ही गूगलमधून बोलताय का?" हे हमखास विचारतील, कारण तसं खोटं सांगणारे फोन त्यांना येऊन गेलेले असतात. उत्तर सरळ द्यायचं:

"नाही दादा, आमचं छोटं ऑफिस आहे. गूगलवर नोंद करायला पैसे लागत नाहीत, आम्ही आमच्या कामाचे घेतो. खातं तुमच्याच नावावर, मालक तुम्हीच. आम्हाला फक्त मॅनेजर म्हणून जोडायचं, नको वाटलं की काढून टाका. ओटीपी आम्ही विचारत नाही, कोणी विचारला तर देऊही नका."

गूगलवर शोधल्यावर दुकान पहिल्या नंबरवर आणून द्याल का, असं त्यांनी विचारलं तर "तो कोणालाच खात्रीने देता येत नाही" एवढंच सांग. यावर एखादं काम गेलं तरी चालेल.

"व्हॉट्सॲपवर पाठवा" हा बऱ्याचदा गोड नकार असतो. तरी पाठव, पण फोन ठेवण्याआधी: "पाठवते. शुक्रवारी अकराला विचारू, की नको?" "हे सगळं मुलगा बघतो" म्हणाले तर मुलगा दुकानात कधी असतो ते विचार. त्याचा नंबर मागू नकोस, परक्याला मुलाचा नंबर द्यायला कोणालाही आवडत नाही.

दुसऱ्यांदा "नको" आलं की संपलं. तिसरा प्रश्न नाही, सूट नाही:

"चालेल दादा, वेळ दिलात, आभारी आहे. खूण तुम्हाला स्वतःलाही फुकट बदलता येते. मॅपवर दुकान उघडा आणि Suggest an edit वर दाबा. ठेवते."

हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्यातून काम मिळेलच असं नाही, पण बाजारात शेजारच्या दुकानदाराला आपल्याबद्दल काय सांगितलं जातं, ते यावर ठरतं.

वहीत दुकान, वेळ आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिही. दुसरा नकार आलेल्या नंबरवर लाल रेघ. तो नंबर पुन्हा लावायचा नाही, सिंहस्थ तोंडावर आला तरी.